महिनाभराच्या उधारीवर माल द्यावा का? वहीतला हिशोब

प्रश्न: "सांगलीत माझं किराण्याचं छोटं होलसेल दुकान आहे. महिन्याला १० लाखांची विक्री, जवळपास सगळी रोखीवर. सरासरी मार्जिन १०० रुपयांच्या विक्रीला ६ रुपये. बँकेत ७ लाखांची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट आहे, पण ती फारशी वापरत नाही. खेड्यातले दुकानदार महिनाभर उधार मागतात आणि बाजूचे व्यापारी देतात. उधार दिली तर विक्री १४ लाखांवर जाईल असं वाटतं. द्यावी का?"

मी पेठेत सत्तावीस वर्षं किराणाच करतोय. पहिली दहा वर्षं उधारी सढळ हाताने दिली, नंतर तीच हळूहळू आवरत आणली. त्यामुळे दोन्ही बाजू भोगून झाल्यात.

तुमचा हिशोब बहुतेक असा असणार: ४ लाख वाढीव विक्री, त्यावर ६ टक्के म्हणजे २४ हजार जादा नफा. त्यातून थोडं व्याज जाईल, एखादा बुडवेल, तरी दहा-पंधरा हजार हाती राहतील. हा हिशोब चुकतो तो एकाच जागी. उधारी फक्त नव्या ४ लाखांवर जाईल असं त्यात धरलेलं असतं. आज जो माणूस रोख पैसे मोजून पोती नेतो, त्याला आठवडाभरात कळतं की पलीकडच्या गावच्या दुकानदाराला तुम्ही महिनाभर थांबता. मग तोही म्हणतो, "आम्ही काय वाईट केलंय?" त्याला नाही म्हणताना जीभ अडखळते, कारण तो दहा वर्षांचा गिऱ्हाईक. माझ्याकडे वर्षभरात निम्मे रोखीचे गिऱ्हाईक खात्यावर आले होते. त्यांची विक्री एक रुपयानेही वाढली नव्हती. फक्त माझे पैसे उशिरा यायला लागले.

आता तुमच्याच आकड्यांवर हिशोब मांडू. जुन्या १० लाखांतले ५ लाख उधारीत सरकले आणि ४ लाख नवे आले, म्हणजे महिन्याची उधार विक्री ९ लाख झाली. बोली तीस दिवसांची असली तरी पैसे तिसाव्या दिवशी येत नाहीत. तिसाव्या दिवशी पहिला फोन जातो. माझ्या वहीत तीस दिवसांच्या बोलीचे सरासरी पंचेचाळीस दिवस होतात. हे काढायला सोपं आहे: येणेबाकीला महिन्याच्या उधार विक्रीने भागा आणि तीसने गुणा. म्हणजे दीड महिन्याची विक्री कायम बाहेर, साडेतेरा लाख.

साडेतेराच्या साडेतेरा लाखांवर व्याज धरायचं का, यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर तासभर वाद चालतो. माझं मत असं की नव्या गिऱ्हाइकाकडे अडकलेल्या ६ लाखांत तुमची खरेदी किंमत ५ लाख ६४ हजारच आहे, बाकीचा नफा अजून हाती आलेलाच नव्हता. पण जुना रोखीचा माणूस उधारीत गेला तर पूर्ण साडेसात लाख अडकले, कारण ते पैसे नफ्यासकट तुमच्या गल्ल्यात पडत होते. दोन्ही मिळून १३ लाखांच्या वर जातं. त्यात वाढीव विक्रीसाठी गोदामात जो जादा माल ठेवावा लागेल तो धरा, साधारण २ लाख. म्हणजे एकूण १५ लाख हवेत.

हे १५ लाख आणायचे कुठून? सीसीतून ७ लाख. वर्षाला १२ टक्के धरलं, तर महिन्याला ७ हजार व्याज. तुमचा दर वेगळा असेल, तो घाला. उरलेले ८ लाख तुम्ही मिलवाल्याकडून किंवा कंपनीच्या स्टॉकिस्टकडूनच काढणार, म्हणजे त्यांना उशिरा पैसे देणार. आज रोख भरून १ टक्का सीडी, म्हणजे रोखीची सूट मिळत असेल तर ती गेली. वीस दिवस थांबून १ टक्का गमावणं म्हणजे महिन्याला दीड टक्का आणि वर्षाला १८ टक्के व्याज. दुसऱ्या शब्दांत, महिन्याची १२ लाखांची खरेदी रोखीऐवजी वीस दिवसांच्या उधारीवर केली, तर १२ हजारांची सीडी गेली. सीडी वहीत कुठे 'खर्च' म्हणून लिहिली जात नाही. म्हणून ती गेल्याचं कळतच नाही.

बुडीत किती धरायची हा अंदाजाचा भाग. मी माझ्यापुरती उधार विक्रीवर १ टक्का धरतो, म्हणजे इथे ९ हजार. वसुलीला माणूस, मोटारसायकलचं पेट्रोल, फोन आणि दिवाणजीचा वेळ मिळून किमान ५ हजार. बेरीज करा: ७ आणि १२ एकोणीस, त्यात ९ आणि ५, झाले ३३ हजार. मिळवले २४ हजार. दर महिन्याला ९ हजारांचा खड्डा, आणि विक्री मात्र १४ लाख. बाहेरून बघणारा म्हणतो, धंदा वाढला. तुम्हालाही तसंच वाटतं, कारण दुकानात गर्दी असते आणि टेम्पो भरून जात असतो.

आता यातला कुठला आकडा तुमच्याकडे वेगळा निघेल? पहिला म्हणजे मार्जिन. ६ टक्के ही सरासरी आहे आणि ती फसवते. साखरेत मला शंभराला दीड रुपया सुटला तरी मी खूश असतो. तीच साखर पंचेचाळीस दिवस उधार गेली, की महिन्याला १ टक्क्याने दीड रुपया व्याजातच गेला. हमाली तुमच्या पदरची. मसाला, चहा, पापड, पूजेचं साहित्य यांत ८-१० टक्के सुटतात, तिथे उधारी सोसते. म्हणून माझ्याकडे नियम आहे: साखर आणि तेलाचे डबे रोख, बाकी माल खात्यावर. गिऱ्हाईक सुरुवातीला कुरकुरतं, पण एका बिलात दोन भाग पाडून दिले की सवय होते. खेड्यात साखर आणि तेल रोख खपतं, त्यामुळे त्याच्याही गल्ल्यात त्या मालाचे पैसे लवकर येतात. त्याला ते देणं जड जात नाही. जड जात असेल, तर ते पैसे दुसरीकडे कुठेतरी जातायत.

दुसरी गोष्ट तुमच्या लाइनची, म्हणजे तुमचा टेम्पो ज्या गावांना माल नेतो त्यांची. वाळवा, पलूस, कडेगावकडचा दुकानदार स्वतः गावात उधारी देतो, आणि ती उसाच्या बिलावर फिटते. कायद्याने कारखान्याने ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव द्यायचा असतो. ते बिल लांबलं की शेतकरी दुकानदाराला थांबवतो आणि दुकानदार तुम्हाला. तासगाव, कवठेमहांकाळकडे हाच खेळ द्राक्षांवर आणि बेदाण्यावर चालतो, पैसे उन्हाळ्याच्या तोंडाला येतात. म्हणजे तुमच्या 'तीस दिवसां'च्या मागे त्या गावच्या पिकाचं कॅलेंडर आहे. पावसाळ्यात दिलेली उधारी आणि गाळप हंगामात दिलेली उधारी एकाच मापाने मोजू नका. मी जून ते सप्टेंबर नवं खातं उघडत नाही.

बुडीताबद्दल आणखी एक. 'एक टक्का' म्हटलं की वाटतं, दर महिन्याला थोडं थोडं जाईल. तसं होत नाही. दोन वर्षं काहीच बुडत नाही आणि मग एकदम जातं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझी नदीकाठची एक अख्खी लाइन पाण्यात होती. त्यातली पाच खाती एकाच आठवड्यात थांबली. त्यातल्या तिघांनी पुढच्या दिवाळीपर्यंत पै न् पै दिली, एकाने निम्मी दिली, एकाचं दुकान परत उभंच राहिलं नाही. माणसं एकही वाईट नव्हती. तेव्हापासून नदीकाठच्या गावांत मिळून किती उधारी बाहेर ठेवायची, याची वेगळी मर्यादा मी ठरवली आहे, प्रत्येक दुकानाच्या मर्यादेशिवाय. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं तेव्हा ती मर्यादा कामी आली.

एक खातं बुडतं म्हणजे नेमकं काय होतं, हे माझ्याच एका खात्यावरून सांगतो. जत रोडच्या लाइनवरचा दुकानदार, वागायला गोड. दर गुरुवारी माझा टेम्पो जायचा. सुरुवातीला तो चहा, साबण, डाळ, गूळ, थोडी साखर असा मिसळ माल घ्यायचा, बिल बारा हजारांच्या आसपास. पैसे द्यायचा, पण बऱ्याचदा एका बिलाचे पुरते नाहीत. कधीकधी "दहा हजार जमा करा," म्हणायचा आणि बारा हजारांचा माल उचलायचा. दिवाणजी खूश, कारण दर आठवड्याला रोख येत होती. मीही खूश. दोन वर्षं असं चाललं.

मग मालाचं रूप बदललं. चहा आणि साबण कमी झाले, साखर आणि तेलाचे डबे वाढले. मला वाटलं, लग्नसराई आहे. खरं असं होतं की दुसऱ्या कुणाचं तरी देणं भागवायला त्याला रोख हवी होती. त्याने माझी साखर उधार उचलून खरेदी भावाला, कधी त्याच्याही खाली, विकून रोकड उभी केली होती. ज्या मालाला गिऱ्हाईक लगेच मिळतं, तोच माल बुडणारा माणूस उचलतो. चार महिन्यांत दुकानाला कुलूप लागलं आणि बासष्ट हजार माझ्या अंगावर आले.

६ टक्के मार्जिनवर ते बासष्ट हजार भरून काढायला किती विकावं लागतं? मालाची खरेदी किंमत ५८ हजारांच्या वर होती. प्रत्येक शंभराच्या विक्रीत सहा सुटतात, म्हणजे जवळजवळ पावणेदहा लाखांची विक्री. तुमचा अख्खा महिना. एक पोतं बुडालं की पंधरा-सोळा पोती फुकट विकायची, असं आमचे जुने दिवाणजी म्हणायचे. त्यात जीएसटी मी आधीच भरून बसलो होतो. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले म्हणून तो परत मिळत नाही.

नंतर त्या खात्याचं पान काढून बसलो, तेव्हा जे आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. खात्याची शिल्लक किती आहे हे बघून काही कळत नाही, कारण ती रोज हलते. सहा महिन्यांत त्याची बाकी सगळ्यात खाली किती आली, ते बघायचं. पहिल्या सहामाहीत ती एकदा शून्याला आली होती. दुसऱ्या सहामाहीत अठरा हजारांच्या खाली गेली नाही. तिसऱ्यात एकतीस, चौथ्यात शेहेचाळीस. ती खालची रक्कम म्हणजे महिनाभराची उधारी राहिलेली नव्हती. मी त्याच्या दुकानात बिनव्याजी भांडवल घातलं होतं, आणि त्यात माझी भागीदारीही नव्हती. आता दर सहा महिन्यांनी मी प्रत्येक खात्याचा हा खालचा आकडा काढतो. टॅलीत खातं उघडून वरून खाली नजर फिरवली की पाच मिनिटांत मिळतो. तो चढत असेल, तर माणूस कितीही वेळेवर 'जमा' करत असला तरी माल थांबवतो.

म्हणून मी चालू खातं बंद करून बिलावर बिल पद्धत लावली. मागचं बिल पूर्ण दिल्याशिवाय पुढचा माल टेम्पोतून उतरत नाही. पंधरा दिवसांची बोली, आणि लाइनचा वार ठरलेला. मोटारसायकलवर वसुलीला वेगळा माणूस पाठवायची गरज कमी झाली, कारण टेम्पोबरोबरचा माणूसच पैसे घेऊन येतो. बोली पंधराची, पैसे पंचवीसला येतात. हे मी धरूनच चालतो.

अशा पद्धतीने तुमचा हिशोब परत मांडू. विक्री ४ लाखांनी वाढणार नाही, अडीच लाखांनीच वाढेल असं धरा. जुन्या रोखीवाल्यांपैकी १ लाखाची विक्री तरी उधारीत सरकेल, सगळ्यांनाच तोंडावर नाही म्हणता येत नाही. उधार विक्री साडेतीन लाख, पंचवीस दिवस, म्हणजे साधारण २ लाख ९० हजार बाहेर. जादा माल सव्वा लाखाच्या आसपास. एकूण चार-सव्वाचार लाख, आणि हे सगळं सीसीत बसतं, सीडीला हात लागत नाही. व्याज ४ हजार. निवडून दिलेल्या खात्यांवर बुडीत अर्धा टक्का धरा, पावणेदोन हजार. वसुली अडीच हजार. एकूण सव्वाआठ हजार खर्च, आणि अडीच लाखांवर नफा १५ हजार. पावणेसात हजार राहतात. विक्री तुमच्या अंदाजापेक्षा दीड लाखाने कमी वाढली, तरी हातात पैसा उरतो. बुडीत अंदाजापेक्षा वाढली तर? शंभराला अडीच रुपयांपर्यंत बुडीत गेली तर हा नफा संपतो, त्याच्या पुढे तोटा. म्हणजे साडेतीन लाखांच्या विक्रीत महिन्याला साडेआठ हजारांच्या आत बुडीत राहायला हवी. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

उधारीला वेगळा भाव लावावा का, हे तुम्ही पुढे विचारणारच. लावा, पण तो वरून लावा. बरेच जण उलटं करतात, रोखीला अर्धा टक्का सूट देतात. तुमच्या १० लाखांच्या रोख विक्रीवर ती सूट ५ हजारांची झाली, आणि तीही अशा माणसांना दिली जे आधीच रोख देत होते. रोखीचा भाव आहे तोच ठेवा, उधारीच्या बिलाला शेकडा १ जास्त घ्या. आणि त्यात एक गोष्ट बघा. जो उधारीच्या भावावर घासाघीस करतो, त्याला पैसे द्यायचे आहेत. जो भाव न विचारता "चालेल, पाठवा" म्हणतो, त्याच्यावर नजर ठेवा.

कागदाचं थोडक्यात. दर मार्चअखेरीस प्रत्येक खात्याचा उतारा काढून त्यावर "बाकी मान्य" अशी सही, तारीख आणि दुकानाचा शिक्का घ्या. मालाच्या पैशांचा दावा साधारण तीन वर्षांत करावा लागतो, आणि मुदत संपण्याआधी बाकी लेखी मान्य केली तर ती मुदत सहीच्या तारखेपासून नव्याने सुरू होते. मी कोर्टात फारसा जात नाही, बासष्ट हजारांसाठी तारखा घेत बसायला वेळ कुणाला आहे? पण सही मागितली की माणसाचा चेहरा बोलतो. ज्याला सही द्यायला पुढच्या आठवड्याचा वायदा लागतो, त्याचं खातं तिथेच थांबवा. आणि जे पैसे गेलेच आहेत, ते वर्षानुवर्षं येणेबाकीत मिरवू नका. सीएला विचारून वहीतून काढून टाका, म्हणजे निदान आयकरात वजावट मिळते. मात्र ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवून कर भरत असाल, तर ती वजावट वेगळी मिळत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आजच सगळ्यांना उधारी सुरू केली नसती. तुमच्या ओळखीच्या, किमान दोन वर्षं रोख देत आलेल्या आणि पिकाच्या हंगामात माल वाढवणाऱ्या पाच-सहा दुकानांपासून सुरुवात केली असती. प्रत्येकाला पंधरा हजारांची मर्यादा, साखर-तेल सोडून, बिलावर बिल. मर्यादा दिवाणजीला लिहून द्या, तोंडी सांगितलेली मर्यादा दुसऱ्याच गुरुवारी मोडते. तीन महिन्यांनी त्या सहा खात्यांची सगळ्यात खालची बाकी काढा. चार जणांची शून्याला आलेली असेल, तर त्यांची मर्यादा वाढवा आणि उरलेल्या दोघांचा माल परत रोखीवर आणा.